शब्दचर्चा: पत्रिकेवरचे ‘आठ’ आणि ‘सोळा’

अबोली: भावाचं लग्न ठरलंय, होणारी वहिनी तमिळ आहे. पत्रिकेचा मराठी मजकूर माझ्याकडे आलाय आणि माथ्यावर दोन्ही घरचा एकेक आशीर्वाद शेजारी-शेजारी हवा आहे. आजीनं ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ सुचवलं. वहिनीच्या वडिलांनी ‘पदिनारुम् पेट्रु पेरुवाऴ्वु वाऴ्ग’ लिहून पाठवलं. ‘पदिनारु’ म्हणजे सोळा एवढं विचारून घेतलं आणि खाली मराठीत लिहिलं, ‘सोळा लेकरांसह दीर्घायुषी व्हा’. आठाशेजारी सोळा, जोडी जमली असं वाटलं. वहिनी म्हणाली, हे असं नाही. मग कसं?

रानवाट: आमच्याकडे वहिनी बंगाली. पत्रिकेवर ‘श्रीश्री प्रजापतये नमः’ आणि वर फुलपाखराचं चित्र होतं. आमचे सगळे नातेवाईक विचारत राहिले, ब्रह्मदेवाच्या नावावर फुलपाखरू का? बंगालीत फुलपाखरालाही प्रजापतीच म्हणतात, हे लग्नानंतर कळलं. तुम्ही दोन्हीकडचे देव घालून टाका, आशीर्वादाच्या भानगडीत पडू नका.

अबोली: देवांची नावं दोन्ही घरांनी आधीच ठरवली आहेत. अडलंय ते आशीर्वादापाशी.

जुनी वही: मी बरीच वर्षं तमिळ शेजारात काढली, म्हणून लिहितो. घोटाळा ‘पेट्रु’ या शब्दात आहे. त्याचा मूळ धातू ‘पेरु’. त्याचा अर्थ मिळवणे असाही आहे आणि मूल जन्माला घालणे असाही. आकड्यापुढे नाम नसल्यामुळे खुद्द तमिळ माणसंही गमतीनं ‘सोळा मुलं’ म्हणतात. पण रूढ अर्थ सोळा संपदा लाभोत असा आहे: विद्या, कीर्ती, धान्य, आरोग्य, धैर्य, दीर्घायुष्य वगैरे. याद्या थोड्याफार वेगळ्या सापडतात. चांगली संतती ही त्या सोळांपैकी एक. तेव्हा ‘लेकरं’ काढा, ‘भाग्यं’ घाला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘अष्टपुत्रा… भव’ हे एकट्या वधूला उद्देशून, एकवचनी, आणि त्यात पुत्रच मोजलेत. तमिळ ओळ दोघांना मिळून आहे. शेजारी-शेजारी छापल्यावर एका बाजूला दोघं आणि दुसऱ्या बाजूला एकटी सून, असं दिसेल. जोडी जमवायची तर मराठी ओळही दोघांना लागू पडणारी हवी. ‘नांदा सौख्यभरे’ घ्या.

तळटीप: ‘नांदा’ चालणार नाही. नांदायला मुलगी जाते. म्हणजे पुन्हा वधूलाच उपदेश.

जुनी वही: ‘नांदायला जाणे’ या प्रयोगात तुमचं बरोबर आहे, तिथे अर्थ सासरी राहण्यापुरता आकसला. पण गोष्टीच्या शेवटी राजा-राणी दोघंही सुखानं नांदतात, घरात शांतता नांदते. मूळ छटा आनंदानं वसण्याची आहे. शिवाय ‘वाऴ्ग’ म्हणजे ‘जगोत, भरभराट होवो’; त्याला याहून जवळचा मराठी शब्द मला सुचत नाही.

तळटीप: अनेकवचन आहे म्हणून मान्य. पण ‘नांद’ असं एकवचनी कुठेही येऊ देऊ नका.

अबोली: मग असं करू का? वर तमिळ ओळ, खाली ‘सोळा भाग्यं लाभोत, दोघं सौख्यभरे नांदा’.

जुनी वही: छान. ‘भाग्यं’ऐवजी पत्रिकेत ‘भाग्ये’ शोभेल. आणि ‘ऴ’ जपा. छापखान्यात मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये घेताना त्याखालचा नुक्ता गळतो आणि ‘ळ’ उरतो. तमिळमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. कच्ची प्रत मागवा आणि ती वहिनीकडून वाचून घ्या.

अबोली: नावांआधी काय लिहू? आमच्याकडे ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, त्यांनी ‘तिरुवळर्च्चेल्वी’ लिहिलंय. मला तो नुसता ‘कुमारी’ वाटला.

जुनी वही: नुसता नाही. ‘वळर’ म्हणजे वाढणारं. घरात अजून लग्नं व्हायची असली की ‘तिरुवळर्’, शेवटच्या अपत्याला ‘तिरुनिरै’, म्हणजे भरून पूर्ण झालेलं, असा संकेत सांगतात. वहिनीला धाकटं भावंड आहे का?

अबोली: आहे, भाऊ.

जुनी वही: मग त्यांनी तो शब्द विचारानं निवडलाय. तसाच ठेवा, भाषांतर नको.

तळटीप: मराठी पानावर मात्र दोघांनाही फक्त ‘चि.’ लिहा. सौभाग्याची आकांक्षा एकटीच्याच नावाला का चिकटवायची?

रानवाट: आजीला हे पटणार नाही. ‘सौ. कां.’ नसेल तर पत्रिका अपुरी वाटते, मलासुद्धा.

अबोली: आशीर्वादाची ओळ आजीला वाचून दाखवली. सोळांत संतती आहे म्हटल्यावर तिनं ‘अष्टपुत्रा’ सोडलं. ‘सौ. कां.’बद्दल अजून काही बोलली नाही. वहिनीला काय हवंय ते आज रात्री विचारते.