12000 झाकणं, ताशी 400, मधे दोनदा कलर चेंज: 31 तास सांगू का 36?

नवा_प्लॅनर
मंडळी, प्लॅनिंगला नवीनच आहे. पीपीची झाकणं, 4 कॅव्हिटीचा मोल्ड, सेमी-ऑटो मशीन. पांढरी 5000, लाल 4000, काळी 3000. ताशी 400 पडतात, म्हणजे 30 तास, वर दोन कलर चेंजचे अर्धा-अर्धा तास, असे 31 तास मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले हिशोब करत बसू नको, सरळ 20 टक्के चढव आणि 36 सांग. तुम्ही काय करता?

भोसरीकाका
साहेब बरोबर आहेत. अरे कागदावर सगळ्यांचंच बसतं. ऑपरेटर उशिरा येणार, लाईट जाणार, चिलरचं पाणी तापणार, हे कुठल्या फॉर्म्युल्यात घालणार तू? 20 टक्के चढवायचे आणि गप झोपायचं. पार्टी काय तुझा हिशोब बघायला येत नाही, तिला माल कधी मिळतो तेवढंच कळतं.

मोल्डशॉपवाली
काका, लाईट जाते हे खरंच आहे, पण सरसकट टक्के लावणं मला पटत नाही. चेंजओव्हरला नग किती आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं हो. 500 नग काढा नाहीतर 50000, पांढऱ्यावरून लालवर जायला तेवढाच वेळ लागतो.

आता ह्याच मोल्डवर उद्या 1200 झाकणांची ऑर्डर आली, तिन्ही रंग 400-400. रनिंग 3 तास. काकांच्या हिशोबाने 3 तास 36 मिनिटं. पण मोल्ड चढवून पहिला पीस पास करून घ्यायलाच 2 तास जातात, वर दोन कलर चेंजचा मिळून एक तास धरा, म्हणजे 6 तास होतात आणि रात्री दहाला पार्टीचा फोन येतो. उलट एकाच रंगाची 48000 ची ऑर्डर आली तर 120 तासांचे तुम्ही 144 सांगणार, आणि दुसरा कोणी 130 सांगून ऑर्डर घेऊन जाणार. 20 टक्के मधल्या कुठल्यातरी साईजलाच बरोबर येतात.

हिशोबी_भाऊ
दादा पण ताशी रेट 400 म्हणजे खूपच स्वस्त लावताय. आमच्याकडे तसल्या मशीनला लाईट बिल, ऑपरेटर, हप्ता सगळं धरून ह्याच्या वर जातं, 400 ला परवडतच नाही. आधी कॉस्टिंग नीट करा मग वेळ.

नवा_प्लॅनर
भाऊ 400 रुपये नाही, 400 नग 😅

हिशोबी_भाऊ
अच्छा अच्छा. मग ठीक आहे.

मोल्डशॉपवाली
आता 31 चं बघू. पहिली गोष्ट, मशीनवर मोल्ड आधीपासून चढलेला आहे का? नसेल तर सुरुवातीचे ते 2 तास तू धरलेच नाहीस. मोल्ड चढवणं, पाण्याचे पाईप जोडणं, बॅरल तापवणं (हे साधारण मोल्ड लावता लावता होतं), आणि मग क्वालिटीवाला येऊन पहिला पीस पास करेपर्यंत वाट बघणं. तीन रंग म्हणून दोन चेंज हे बरोबर, पण सुरुवात धरली तर मशीन तीनदा थांबतंय.

दुसरी गोष्ट, दोन्ही कलर चेंज सारखे नसतात. वेळ मोजायचा तो शेवटच्या चांगल्या पांढऱ्या झाकणापासून पहिल्या चांगल्या लाल झाकणापर्यंत. हॉपर रिकामा करून पुसला की ऑपरेटर "झालं" म्हणतो, पण स्क्रूत आणि नोझलमधे जुना दाणा असतोच, तो गोळे काढून काढून बाहेर पडतो आणि तरी पुढचे काही शॉट गुलाबी झाक मारतात. पांढऱ्यावरून लाल 40 मिनिटं, लालवरून काळा 20, कारण काळा मास्टरबॅच सगळं झाकून टाकतो. पण कोणी काळा आधी लावून मग पांढरा घेतला तर अर्धी शिफ्ट झाकणांवर काळ्या रेघा बघत बसायचं. त्यामुळे क्रम आधी ठरव, मिनिटं मग लिही.

तिसरं रिजेक्शन. 3 टक्के जात असतील तर 12000 चांगले मिळायला साधारण 12370 काढावे लागतात, म्हणजे 31 तास रनिंगलाच गेले. वर सुरुवातीचे 2 आणि चेंजचा 1, असे 34.

सातपूर_सुपरवायझर
मॅडम बाकी पटलं पण 400 वर कोणीच बोलत नाहीये. 4 कॅव्हिटी आणि 36 सेकंदाची सायकल असेल तर तासाला 100 शॉट, म्हणून 400, असंच आलं असणार ना? ते मोल्ड ट्रायलच्या वेळी सगळे उभे असताना. सेमी-ऑटोला ऑपरेटर दार उघडतो, झाकणं काढतो, रनर तोडतो, दार लावतो, मग पुढचा शॉट. रात्री तीन वाजता तीच सायकल 41 सेकंदावर जाते आणि तासाला 350 च पडतात. आणि एखाद्या कॅव्हिटीचा गेट खराब झाला तर टूलरूमवाले येईपर्यंत ती बंद ठेवून तिघांवर चालवतात, मग तर 300. पॅनलवरचा शॉट काउंटर आणि क्रेटमधले चांगले नग, दोन्ही एका तासाचे लिहून बघ, दिवसा एकदा रात्री एकदा. शॉट कमी असतील तर सायकल ढिली पडलीये, शॉट पुरेसे असून नग कमी असतील तर कॅव्हिटी नाहीतर रिजेक्शन.

नवा_प्लॅनर
400 मी लॉगबुकातून काढलेत सर. शिफ्टचे एकूण नग भागिले 8.

सातपूर_सुपरवायझर
अरे मग तर वेगळाच घोळ! त्या 8 तासांत जेवण, एखादा चेंज, लाईट सगळं आलंच ना. आणि एकूण नग चांगले धरले असतील तर रिजेक्शनपण आलं. असा रेट घेऊन वर परत चेंज आणि 3 टक्के लावले तर तेच दोनदा मोजलं गेलं. एक तर शिफ्टचा रेट घे आणि वर काही चढवू नको, नाहीतर मशीन चालू असतानाचा निव्वळ रेट घे आणि बाकी सगळं सुटं लाव.

भोसरीकाका
म्हणजे फिरून फिरून माझ्याकडेच आलात. शिफ्टच्या रेटमधे सगळं बसतं, मग एवढा व्याप कशाला?

मोल्डशॉपवाली
बसतं काका, पण त्या शिफ्टला जेवढे चेंज झाले तेवढेच बसतात. एकाच रंगाच्या शिफ्टचा रेट तीन रंगांच्या ऑर्डरला चालणार नाही. हां, तुमचं एक मान्य, लाईट, चिलर, ऑपरेटर हे मशीन जितका वेळ चालेल तितकं जास्त आडवं येतं, त्याला टक्केच लावायचे. पण फक्त रनिंगवर. 31 वर 5 टक्के चढवले तर साधारण साडेबत्तीस, अधिक सेटिंग आणि चेंजचे 3, म्हणजे साडेपस्तीस.

भोसरीकाका
साडेपस्तीस. आणि साहेब काय म्हणाले होते? 36 😄

मोल्डशॉपवाली
ह्या ऑर्डरला जुळलं! 1200 वालीला जुळवून दाखवा.

सातपूर_सुपरवायझर
साडेपस्तीस पण 400 निव्वळ रेट असेल तरच बरं का. रात्रपाळी 350 ने चालली तर परत पुढे. आणि 5 टक्के कुठून आले मॅडम? आमच्याकडे पावसाळ्यात तेवढ्यात भागत नाही.

मोल्डशॉपवाली
आमच्या डाऊनटाईम शीटवरून. तुमचे तुम्ही काढा, उसने टक्के घेऊ नका.

नवा_प्लॅनर
मोल्ड सध्या रॅकवर आहे, म्हणजे ते 2 तास धरायचेच. आज रात्रपाळीला थांबून काउंटर लिहितो, त्याच मशीनवर दुसरा मोल्ड चालू आहे पण दार-रनरचा अंदाज तर येईल. एकच विचारायचंय, जुना मोल्ड उतरवायचा वेळ कुठल्या ऑर्डरला लावता, संपलेल्या का नव्या?

भोसरीकाका
संपलेल्या. त्याचा मोल्ड, त्याने उतरवावा.

सातपूर_सुपरवायझर
नव्या. पुढचा माल आला नसता तर मोल्ड उतरवलाच नसता कोणी.