प्रतिसाद: हेडलाइनमधला गायब कर्ता

>"'टू हेल्ड इन बँक फ्रॉड केस' यात पकडलं कोणी तेच नाहीये, मग अरबीत वाक्य सुरू कशाने करायचं?"

ही इंग्रजी हेडलाइन अरबीत आणताना कर्ता शोधायची गरजच नाही. इंग्रजी हेडलाइनमध्ये 'आर' गाळतात म्हणून 'हेल्ड' साधा भूतकाळ वाटतो, पण पुढे कर्म नाही, लगेच 'इन' आलंय, म्हणजे ते कर्मणी आहे. अरबी पेपर अशा वेळी बरेचदा क्रियापद टाळून मस्दर म्हणजे क्रियावाचक नामच पुढे आणतात, 'तौक़ीफ शख़्सैन फी क़दिय्यत इह्तियाल मसरफी', आणि 'शख़्सैन' म्हणजे 'दोन व्यक्ती', यात द्विवचन आलंच त्यामुळे दोनचा आकडा वेगळा लिहायचा नाही.

बातमीचा फोटो टाकताना मात्र प्लीज तो हेडलाइनपुरता क्रॉप करू नका, पहिला पॅरा राहू द्या, कारण पकडलेल्या दोघी बायका असतील तर 'इम्रअतैन' जास्त नेमकं होईल आणि ते नुसत्या हेडलाइनवरून कळत नाही.