मदत हवी आहे: दहा भागांची श्राव्य मालिका, शेवटचा धक्का कुठे द्यायचा?

कांदेपोहे_८:१४

नमस्कार मंडळी. मी आणि माझी ऑफिसातली मैत्रीण मिळून एक श्राव्य मालिका करतोय. दहा भाग, प्रत्येक साधारण आठ मिनिटांचा. डोंबिवलीहून फास्ट लोकलने जाणाऱ्या बायकांच्या डब्यातली भिशी, ही गोष्ट. दहा जणी, दरमहा पाच हजार, म्हणजे पन्नास हजारांची भिशी. दहा महिने, दहा चिठ्ठ्या, दहा भाग. हे सुचलं तेव्हा आम्हाला वाटलं, आराखडा तर आपोआपच झाला!

प्रत्येक भागात तीन गोष्टी ठरलेल्या. सुरुवातीला लिमलेटच्या गोळ्यांच्या जुन्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, मध्ये एका बाईचा डबा (आज कोणी काय आणलंय), आणि शेवटी चिठ्ठी. चिठ्ठी उघडताना भाग संपतो, नाव पुढच्या भागात.

चार भाग रेकॉर्ड करून सात-आठ जणींना ऐकवले. तिसऱ्यानंतर निम्म्या गळाल्या. एकीने तोंडावर सांगितलं, "कुणाची का लागेना, मला काय त्याचं?" कुठे चुकलंय?

रोजचाच_प्रवासी

सोपं आहे. प्रत्येक भाग पारसिकच्या बोगद्यात संपवा. अंधार, खडखडाट, कोणीतरी किंचाळतं. पुढचा भाग ऐकल्याशिवाय माणूस उठणार नाही. टीव्हीवाले आठवड्याच्या शेवटच्या भागात हेच करतात.

विंगेतला_माणूस

आठवड्याच्या शेवटी करतात, रोज करत नाहीत, हे विसरू नका. बारा वर्षं मालिकांचे भाग लिहिलेत म्हणून सांगतो. शिवाय 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात नाहीत, तिथून आता लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. डोंबिवलीकर श्रोता पहिल्याच भागात पकडेल.

ताई, तुमची ती ऐकणारी बाई बरोबर बोलली. भाग दोनमध्ये डब्यात नऊ चिठ्ठ्या आहेत आणि श्रोत्याला त्यातली दोन नावंसुद्धा नीट माहीत नाहीत. "कोणाची?" हा प्रश्न तेव्हाच चावतो, जेव्हा एकीला ती लागायलाच हवी आणि दुसरीला लागली तर घोटाळा होईल, हे आपल्याला आधी कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. पहिली भिशी बहुतेक ठिकाणी चालवणारीच घेते, म्हणजे पहिल्या भागात चिठ्ठी काढायचीच नाही. नवव्या महिन्यात दोनच चिठ्ठ्या उरतात, एक उघडली की दुसरी कळलीच. दहाव्यात उघडायला काहीच नाही! तुमचा सगळा ताण जिथे हवा तिथे डबा रिकामा. तेव्हा चिठ्ठीवर संपणारे भाग दोनच ठेवा, सातवा आणि नववा. बाकीच्या भागांत ती पहिल्याच मिनिटात उघडून मोकळ्या व्हा.

सुगरण_माहीम

माझीपण अशीच भिशी होती हो. एकीने चौथ्या महिन्यात पैसे उचलले आणि फोन बंद. माझे अजून यायचेत. पोलिसात तक्रार घेतात का कोणी सांगेल का? आमच्या शेजारचे म्हणतात भिशीची तक्रारच होत नाही.

कांदेपोहे_८:१४

ताई, वाईट वाटलं ऐकून. तक्रारीचं मला माहीत नाही, वकिलालाच विचारा. पण खरं सांगू, आमच्या गोष्टीत हे नव्हतंच. आम्ही दहा जणींच्या दहा कहाण्या गुंफत बसलो होतो.

विंगेतला_माणूस

मग तीच तुमची गोष्ट. सुगरणताईंची परवानगी घ्या.

मांडून बघू. शिल्पा नावाची बाई तिसऱ्या महिन्यात पन्नास हजार घेते. चौथा हप्ता भरते, पाचव्या महिन्यापासून गाडीत नाही. तिने वीस हजार भरले, पन्नास उचलले. उरलेल्या सहा महिन्यांचे तीस हजार कोण भरणार? चालवणारी मंदाताई. ती कोणाला न सांगता दर महिन्याला पाच-पाच हजार घालत राहते.

आता चौथ्या भागाचा शेवट चिठ्ठीवर करू नका. डोंबिवलीला शिल्पाची नेहमीची खिडकीची जागा कोणीतरी पिशवी ठेवून धरलेली, गाडी सुटते, पिशवी तशीच. कानाला ऐकू येईल असं काहीतरी हवं, म्हणून एक बाई विचारते, "ही कोणाची?" आणि उत्तर येत नाही. पाचव्याचा शेवट नोटा मोजण्यावर. पाचशेच्या शंभर नोटा हव्यात. मोजणारी मोठ्याने मोजतेय, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. आणि थांबते. संपवा तिथेच. काय झालं ते श्रोत्याला मोजता येतं, सांगायची गरज नाही.

एक पथ्य पाळा. सहावा भाग त्या नव्वदाव्या नोटेपासूनच सुरू झाला पाहिजे, अर्ध्या मिनिटाच्या आत. "दोन दिवसांनी" म्हणून उडी मारलीत तर श्रोता पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

रोजचाच_प्रवासी

लोकलमध्ये पन्नास हजार मोजणार? ते पण ठाण्याच्या गर्दीत? आणि आता भिशी जीपेवर चालते हो, आमच्या हिची तशीच आहे.

कांदेपोहे_८:१४

हा मुद्दा बरोबर आहे. आमची मैत्रीण म्हणते गोष्ट 2013 मध्ये नेऊ, तेव्हा रोखच चालायची. मोजणी गाडीत नको, सीएसएमटीला उतरल्यावर प्रतीक्षालयात. म्हणजे चिठ्ठी गाडीत, पैसे स्टेशनवर.

विंगेतला_माणूस

छान. आणि 2013 मध्ये फास्ट लोकल पारसिकमधूनच जायची, तेव्हा प्रवासीबुवांचा बोगदा परत आला! पण एकदाच वापरा, नवव्यात.

मंदाताईचे पैसे नवव्या महिन्यापर्यंतच पुरतात. दहावीला पंचेचाळीसच मिळणार, हे तिला एकटीला ठाऊक आहे. दोन चिठ्ठ्या उरल्यात, आरती आणि निर्मला. निर्मलाच्या घरी ऑपरेशन आहे. बोगद्यात शिरताना चिठ्ठी उघडतात, निर्मला. सगळ्या खूश. गाडी बाहेर येते, आवाज मोकळा होतो, आणि आरती गंमत म्हणून डब्यातली दुसरी चिठ्ठी उघडते. ती वाचते, "हिच्यावरपण निर्मलाच." संपला भाग.

हे पचायचं तर उरलेल्या चिठ्ठ्या डब्यातच राहतात, हे सातव्याआधी दोनदा सहज ऐकू आलं पाहिजे. तुमचा तो झाकणाचा आवाज इथे कामाला येईल. नुसता शीर्षकासारखा वाजत होता आतापर्यंत.

कांदेपोहे_८:१४

अंगावर काटा आला. म्हणजे आता असं: पहिल्या तिनांत माणसं ओळखीची करायची आणि शिल्पाला भरपूर आवडती करायची. चौथ्यात रिकामी जागा, पाचव्यात नव्वद नोटा, सहाव्यात मंदाताई पहिल्यांदा खोटं बोलते. सातव्याला चिठ्ठी, आठव्यात मंदाताईच्या नवऱ्याला मोडलेली एफडी कळते. नववा ठरला. डब्यातल्या जेवणाचा भाग मात्र काढवत नाही मला.

सुगरण_माहीम

काढू नका हो. शिल्पा गेल्यावर तिच्या हातची भरली वांगी कोणीच आणत नाही, हे दाखवा. आमच्या त्या बाईचीसुद्धा सगळ्यात आधी तीच आठवण निघते, पैशांची नंतर.

विंगेतला_माणूस

हे मला सुचलं नसतं. ठेवा. फक्त दर भागात नको, आठ मिनिटांत दीड मिनिट वांग्यांना गेलं तर गोष्टीला काय उरणार? पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्यात पुरे.

कांदेपोहे_८:१४

एक अडलंय अजून. दहाव्यात शिल्पाचा फोन यावा का? मैत्रीण म्हणते यावाच, दहा भाग ऐकणाऱ्याला तेवढं दिलं पाहिजे. मला वाटतं तिचा आवाज परत ऐकू आला तर मंदाताईचं सगळं झाकोळेल. आरती पंचेचाळीस हजार मोजून घेते तिथेच थांबावं.

रोजचाच_प्रवासी

फोन यावा. आणि मंदाताईने उचलायच्या आत कट व्हावा.

विंगेतला_माणूस

तो दुसऱ्या सीझनचा शेवट झाला, प्रवासीबुवा. ताई, दोन्ही शेवट रेकॉर्ड करा आणि गळालेल्या बायकांना परत बोलवा.