मदत हवी आहे : टिप्पणीसह संदर्भसूचीतली शेवटची ओळ

प्रकल्पाचा मुद्दा : रत्नागिरीत खोती टिकली ती कायद्यापेक्षा कुळांच्या कर्जामुळे. नोंद 1880च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरची.

सारांश एका वाक्यात बसला : खोतांचे हक्क आणि सारावसुली यांचं वर्णन. मूल्यमापनही झालं : माहिती तपशीलवार, पण नजर महसूल खात्याची, कुळाचं म्हणणं येतं ते अधिकाऱ्याच्याच शब्दांत.

अडतंय जोडणीत, म्हणजे संदर्भ प्रकल्पाच्या मुद्द्याशी जोडणाऱ्या शेवटच्या ओळीत. ‘हा संदर्भ विषयाला उपयुक्त आहे’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाखाली चिकटेल, म्हणून खोडलं. आता असं लिहिलंय : ‘वसुलीची रचना यातून सिद्ध होते, कर्जाचा दुवा नाही, त्यासाठी गहाणखतं लागतील.’

संदर्भाची ही मर्यादा जोडणीत लिहावी की मूल्यमापनात? दोन्हीकडे लिहिली तर पुनरुक्ती होते.