पत्रातला पोटॅशियमचा मुद्दा आणि बटाट्याचं पाणी
"आहारतज्ज्ञांनी बाबांना पत्रात लिहिलंय, 'किडनीची गाळणी मंदावली की पोटॅशियम रक्तात साठतं, बटाटा-टोमॅटो जपून.' आम्ही बटाटा भिजवून कुकरला लावतो, पुरेसं आहे ना?"

पत्र बरोबर आहे, कुकरचं मात्र पटलं नाही. खाण्यातून आलेलं बहुतेक पोटॅशियम मूत्रपिंडंच बाहेर टाकतात. ती थकली की रक्तातली पातळी 5 mmol/L च्या वर सरकू लागते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही, म्हणून रक्ततपासणीवरच विसंबावं लागतं.

पोटॅशियम उष्णतेने नष्ट होत नाही, ते पाण्यात उतरतं. मध्यम बटाट्यात साधारण 600 मिलिग्रॅम असतं. सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर साधारण निम्मं जातं. अख्खा बटाटा सालीसकट शिजवला तर बहुतेक सगळं आतच राहतं, नुसतं भिजवूनही फार निघत नाही. आणि रस्साभाजी केली तर जे निघालं ते रश्श्यात, म्हणजे पुन्हा ताटातच! डाळीचं आणि पालेभाजीचं पाणीही तसंच.

आमच्याकडे आईच्या वेळी वेगळंच निघालं: मीठ कमी करायला म्हणून आणलेलं 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटावर ते नाव दिसलं तर बाबांसाठी वापरू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, पोटॅशियम वाढतं; त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारा.