नत्राचा गुणांक उणे आला, म्हणून इंटरॅक्शन टर्म काढून टाकायची का?

कपाशी_एमएस्सी
दारव्हा तालुक्यातल्या 120 शेतांची माहिती गोळा केली आहे. कपाशीचं एकरी उत्पादन क्विंटलमध्ये, एकरी दिलेलं नत्र किलोत आणि मुरूम लागेपर्यंतची जमिनीची खोली सेंटिमीटरमध्ये. साध्या रिग्रेशनमध्ये नत्राचा गुणांक 0.02 होता, सिग्निफिकंट. मग नत्र × खोली ही टर्म टाकली, तर नत्राचा गुणांक −0.04 झाला, पी-व्हॅल्यू 0.13. इंटरॅक्शनचा 0.001 आला, पी-व्हॅल्यू 0.01. आमचे सर म्हणतात, "नत्र टाकलं की कापूस घटतो असं व्हायव्हात सांगणार का? टर्म काढ, नाहीतर बरड आणि भारी असे दोन गट पाड." मला टर्म ठेवावीशी वाटते. कोणाचं बरोबर?

स्टॅट_अमरावती
सरांचं. ही सरळसरळ मल्टिकोलिनिअ‍ॅरिटी आहे. VIF काढून पाहा, भरमसाट येईल. टर्म ठेवायचीच असेल तर नत्र आणि खोली दोन्हींतून सरासरी वजा करून मग गुणाकार करा. कोलिनिअ‍ॅरिटी जाते, गुणांक सुधारतो. पण माझं मत विचाराल तर दोन गटच बरे, परीक्षकाला एका मिनिटात समजतं.

बरडातला_गडी
बाप्पा, याच्यात गणित कायले पाह्यजे? आमच्या बरडात युरियाचं पोतं टाका का नका टाकू, ऑगस्टात पाण्यानं ताण देल्ला का पऱ्हाटी माना टाकते. भारीवाल्याले तेच पोतं लागू होते. उणे आलं त आलं, बरडाचा हिशेब तसाच हाये. ताई, काढू नोका.

आकडे_वर्धा
गडीभाऊ, तुमचा अनुभव खरा, पण तो −0.04 बरडाचा नाही. इंटरॅक्शन टाकली की नत्रासमोरचा आकडा एका विशिष्ट खोलीपुरता उरतो, आणि ती खोली म्हणजे शून्य. शून्य सेंटिमीटर माती, म्हणजे उघडा खडक. तिथं कपाशी पेरतं कोण? म्हणून त्या उणे चिन्हाला घाबरायचंही नाही आणि त्यावर हरखायचंही नाही. ताईंच्या शेतांत नत्राचा उतार असा काढायचा:

`उतार = −0.04 + 0.001 × खोली`

खोली 20 असेल तर −0.02, 60 असेल तर +0.02, 100 असेल तर +0.06. भारी जमिनीत दहा किलो जास्त नत्र दिलेल्या शेतात एकरी सुमारे 0.6 क्विंटल जास्त कापूस दिसतो, मध्यम जमिनीत 0.2. साध्या रिग्रेशनमधला 0.02 हा या सगळ्यांची सरमिसळ होता.

ताई, दोन्ही गुणांकांचे स्टँडर्ड एरर आणि त्यांचं कोव्हेरियन्स टाकता का? `vcov(m)` मध्ये मिळेल.

कपाशी_एमएस्सी
नत्र 0.026, इंटरॅक्शन 0.0004, कोव्हेरियन्स −0.0000096. खोलीची सरासरी 60 आहे.

आकडे_वर्धा
छान. b1 म्हणजे नत्राचा गुणांक, b3 म्हणजे इंटरॅक्शनचा. आता प्रत्येक खोलीवरच्या उताराचा एरर वेगळा निघतो:

`var(उतार) = var(b1) + खोली² × var(b3) + 2 × खोली × cov(b1, b3)`

60 वर एरर 0.010 येतो, 20 आणि 100 वर 0.019 च्या आसपास. सरासरीपासून लांब गेलं की तिथली शेतं कमी, म्हणून अंदाज सैल. 100 वर 0.06 हा एररच्या तिपटीहून मोठा, तो टिकतो. 60 वर जेमतेम टिकतो. 20 वरचा −0.02 मात्र एररएवढाच आहे. तेव्हा "बरडात नत्रानं नुकसान" असं ताईंनी लिहू नये. "बरडात फायदा दिसत नाही, आणि आकडा नेमका सांगण्याइतकी माहिती नाही" एवढंच लिहावं.

सूत्र नको असेल तर ही युक्ती:

```r
d$k100 <- d$kholi - 100
summary(lm(utpadan ~ natra * k100, data = d))
```

`natra` च्या ओळीत 100 सें.मी. खोलीवरचा उतार एररसकट छापून येतो. 100 च्या जागी 20 टाका, बरडाचा मिळेल.

स्टॅटभाऊ, सरासरी वजा करायला माझी ना नाही, आकडा वाचायला सोपा होतो. पण त्यानं काही "सुधारत" नाही. ताईंनी करून पाहावं: नत्राचा गुणांक −0.04 चा +0.02 होईल, इंटरॅक्शन मात्र 0.001 च राहील, तिचा एरर तोच, आर-स्क्वेअर तोच. प्रश्न शून्य खोलीवरून 60 वर सरकला, इतकंच.

स्टॅट_अमरावती
VIF धाडकन खाली येतो त्याचं काय?

आकडे_वर्धा
येतो, कारण तो मोजतोच त्या शून्याच्या जागेवरून. हातातली माहिती तेवढीच आहे. आणि दोन गटांचं म्हणाल तर 58 सें.मी.चं शेत बरडात आणि 62 चं भारीत, हा कुठला न्याय? शिवाय एका गटात पी 0.03 आणि दुसऱ्यात 0.20 आला म्हणून दोन उतार वेगळे ठरत नाहीत. दोन उतारांतला फरक स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि ते काम इंटरॅक्शन टर्मच करते.

20, 60, 100 असे टप्पे निवडणंही तसं मनाचंच आहे. जॉन्सन आणि नेमन यांची 1936 ची पद्धत उलट विचारते: कोणत्या खोलीपासून उतार शून्याहून वेगळा म्हणता येतो? ताईंच्या आकड्यांवर ती सीमा 60 च्या जवळपास पडते. त्याखालच्या शेतांबद्दल हा डेटा ठाम काही बोलत नाही.

पूर्णाकाठ
आम्ही अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातले. आमची जमीन पुरुषभर खोल आहे, पण खाली पाणी खारं आणि निचरा नाही. खोली वाढली की नत्र जास्त लागू होतं हे आमच्याकडे येऊन म्हणून दाखवा. हे सूत्र लावून कोणी आम्हाला जादा युरिया सुचवला तर काय?

आकडे_वर्धा
सुचवू नये. ताईंची सगळी शेतं दारव्ह्याची, खारपाणाचं त्यात एकही नाही. शिवाय `0.001 × खोली` म्हणताना आपण धरूनच चालतो की दर सेंटिमीटरला उतार सारखाच वाढतो. ते तपासायला खोलीनुसार शेतांचे तीन भाग करून प्रत्येकात नत्र-उत्पादनाचे ठिपके मांडून बघावेत. मधल्या भागातला उतार वरच्याइतकाच निघाला तर सरळ रेषेचं गृहीतक डळमळतं.

सांख्यिकी_यवतमाळ
इतका वेळ वाचतोय, पण खरी अडचण कोणी काढलीच नाही. भारी जमीनवाला नत्रही जास्त देतो ना? मग नत्र आणि खोली एकमेकांशी बांधलेले. अशा वेळी नत्राचा परिणाम नुसता वक्र असला तरी तो इंटरॅक्शनच्या वेशात येऊन बसतो. आधी मॉडेलमध्ये `I(natra^2)` आणि `I(kholi^2)` घालून बघा 0.001 तगतो का. दुसरं, ओलिताचं काय? विहिरी कुणाच्या शेतात आहेत?

कपाशी_एमएस्सी
वर्गपदं घातली. 0.001 चा 0.0008 झाला, पी-व्हॅल्यू 0.06. ओलिताची नोंद आहे, पण मी ती वापरली नव्हती. 36 शेतांत विहीर आहे, त्यातली 31 शेतं 60 सें.मी.च्या वरची.

सांख्यिकी_यवतमाळ
म्हणजे हा खोलीचा परिणाम की पाण्याचा, हे कसं ठरवणार? नत्र × ओलीत टाकून बघा, पण कमी खोलीत विहीरवाली शेतं पाचच. एरर फुगणार.

आकडे_वर्धा
फुगेल, तरी टाकाच. दोन्ही इंटरॅक्शन एकत्र ठेवून 0.0008 चं काय होतं ते प्रबंधात छापा, टिको वा न टिको. नुसत्या 84 कोरडवाहू शेतांवरही एकदा चालवा. तिथंही उतार खोलीबरोबर चढला तर खोलीच्या बाजूनं बोलता येईल.

स्टॅट_अमरावती
एवढं सगळं व्हायव्हात कोण ऐकणार? मी अजूनही म्हणतो, दोन गटांचा तक्ता सोबत ठेवा.

कपाशी_एमएस्सी
आडव्या अक्षावर खोली, उभ्यावर नत्राचा उतार आणि भोवती पट्टा, असा एक आलेख सरांना दाखवते. तक्ता मागे परिशिष्टात टाकते. 84 शेतांचं चालवून इथंच लिहीन.

बरडातला_गडी
ताई, ते पाच बरडातल्या विहिरीवाले कोण हायेत ते जाऊन पाहा. बरडात विहीर असली त शेततळंही असन जवळ. त्यायले विचारा, पोतं लागू होते का नाई.