मदत हवी आहे: घराच्या नकाशावरून वायर आणि पाईप किती लागेल, हे कसे काढावे?

आर्वीकर_शेत:
नमस्कार. वर्धा जिल्ह्यात आर्वीजवळच्या आमच्या गावी लहान घराचे काम सुरू आहे. बैठक, झोपायची खोली, स्वयंपाकघर, पुढे ओसरी आणि एका बाजूला न्हाणी व संडास एवढीच जागा आहे. सेंट्रिंग लागली असून येत्या आठवड्यात स्लॅब पडेल, त्यामुळे स्लॅबमध्ये टाकायचे पाईप त्याआधीच आणावे लागतील.

नकाशावर पट्टी ठेवून मी बोर्डापासून प्रत्येक दिव्यापर्यंत आणि पंख्यापर्यंतची अंतरे मोजली. बेरीज साधारण 100 फूट आली. म्हणून दहा फुटांचे 10 पाईप लागतील आणि जाणारी व येणारी अशा दोन वायरी धरून 200 फूट, म्हणजे सुमारे 61 मीटर वायर पुरेल, असा माझा हिशेब झाला. 90 मीटरच्या एका बंडलात काम व्हायला हवे. आमचे वायरमन मात्र 25 पाईप, दीडच्या वायरचे चार बंडल आणि त्याशिवाय अडीचची वायर सांगत आहेत. ते ओळखीचे आहेत आणि त्यांच्यावर संशय घेण्याची माझी इच्छा नाही, परंतु एवढा फरक कुठून येतो हे समजल्याशिवाय पैसे देणे जड जाते. माझे कुठे चुकते?

काळी_माती:
आर्थिंगची तिसरी वायर आपण धरलेलीच नाही. नकाशावरचे अंतर गुणिले तीन करावे, म्हणजे 300 फूट होतील. पाईप 10 ऐवजी 12 घ्यावेत. चार बंडल हे जास्तच वाटतात.

विहीरवाला:
माझ्या अनुभवाप्रमाणे वायरची लांबी वाढली की जाडीही वाढवावी लागते. माझ्या विहिरीवरची मोटार खांबापासून दूर आहे. पहिल्या वर्षी बारीक केबल टाकली तर मोटार गुरगुरायची आणि तापायची, जाड केबल टाकल्यावर ती नीट चालली. आपणही जाड वायर घ्यावी.

जुना_वायरमन:
विहीरवाला भाऊ, आपले म्हणणे शेतातल्या लांब केबलसाठी अगदी बरोबर आहे, परंतु या घरात कोणतीही ओढ 30 फुटांच्या फार पुढे जात नाही. दिव्यांसाठी येथे दीडची वायर पुरेशी आहे.

काळी_माती यांनी आर्थिंगची आठवण करून दिली हे चांगले झाले, पण सरसकट तीनने गुणणे चालत नाही. नकाशात उंची नसते, ही पहिली गोष्ट. एका पाईपमध्ये किती वायरी जातात हे प्रत्येक तुकड्यात वेगळे असते, ही दुसरी. आर्वीकर भाऊ, आपल्या बैठकीचे माप, बोर्डाची जागा आणि पंखा-ट्यूबच्या जागा सांगा, एकच खोली नीट मोजून पाहू.

आर्वीकर_शेत:
बैठक 12 बाय 10 फूट आहे आणि स्लॅबची उंची 10 फूट. बोर्ड 10 फुटी भिंतीवर, कोपऱ्यापासून 2 फुटांवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर येईल. पंखा मधोमध आणि ट्यूब समोरच्या भिंतीवर 8 फूट उंचीला असेल. मुख्य बोर्ड ओसरीत 6 फूट उंचीवर आहे आणि नकाशावर तेथून या बोर्डापर्यंत 8 फूट अंतर आहे.

जुना_वायरमन:
आता पाईप ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने चालू. बोर्डापासून स्लॅबपर्यंत भिंतीतून साडेपाच फूट वर जावे लागते. स्लॅबमधून पंख्यापर्यंत तिरपे सुमारे 7 फूट. येथे साडेबारा फूट झाले. पंख्याच्या बॉक्सपासून समोरच्या भिंतीपर्यंत 6 फूट आणि ट्यूबसाठी खाली 2 फूट, म्हणजे आणखी 8. नकाशावर आपल्याला 7 आणि 6 मिळून 13 फूट दिसले, प्रत्यक्षात पाईप साडेवीस फूट लागला.

आता वायरी. बोर्डापासून पंख्यापर्यंतच्या पाईपमध्ये पंख्याची फेज, ट्यूबची फेज, न्यूट्रल आणि आर्थिंग अशा चार वायरी असतात, कारण प्रत्येक बटणाची फेज स्वतंत्रच न्यावी लागते. चार गुणिले साडेबारा म्हणजे 50 फूट. पुढच्या 8 फुटांत तीन वायरी, म्हणजे 24. बोर्डात प्रत्येक वायरीचे फूटभर टोक ठेवावे लागते, पंख्याच्या बॉक्सात आणि ट्यूबजवळही थोडे. ते सारे धरून सुमारे 83 फूट होतात. आपल्या पद्धतीने याच कामाचे 26 फूट आले असते.

शिवाय मुख्य बोर्डाकडून या बोर्डाला पुरवठा आणावा लागतो. 4 फूट वर, 8 फूट आडवे, साडेपाच फूट खाली, असा साडेसतरा फूट पाईप आणि त्यात तीन वायरी. टोकांसह 58 फूट झाले. एका बैठकीलाच पाईप 38 फूट आणि वायर 141 फूट लागली. उरलेल्या खोल्या याच रीतीने आपणच मोजा, म्हणजे खात्री पटेल.

आणखी एक गोष्ट विचारतो. कूलर कुठे बसणार आहे? आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो येणारच आणि नकाशात त्याचा पॉइंट बहुधा कोणी दाखवत नाही.

आर्वीकर_शेत:
कूलरचा पॉइंट खरोखरच राहून गेला होता. खिडकीजवळ तो धरला आणि स्वयंपाकघरात मोठ्या पिनचा एक पॉइंट धरला. सर्व खोल्या मोजल्यावर दिव्या-पंख्यांचा पाईप 172 फूट आणि या दोन पॉइंटांचा 47 फूट, असा एकूण 219 फूट आला. दीडची वायर 599 फूट, म्हणजे सुमारे 183 मीटर झाली. म्हणजे पाईपांचा वायरमनांचा आकडा बरोबर आहे, पण वायर तर दोन बंडलांतच संपते आहे.

जुना_वायरमन:
पाईप 25च घ्या. तो 3 मीटरचा, म्हणजे 10 फुटांना थोडा कमी असतो आणि कापताना तुकडे वाया जातात. वायरीत दहावा भाग वाढवा, म्हणजे 200 मीटर होतात. मात्र हे 200 मीटर तीन रंगांत वाटले जातात. आपल्या बैठकीच्या प्रमाणात पाहिले तर लाल फेज सुमारे 80 मीटर, काळा न्यूट्रल 60 आणि हिरवी आर्थिंग 60. काळ्यातली उरलेली वायर लालच्या जागी ओढू नये, पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून तीन बंडल होतात.

अडीचच्या वायरीचे मात्र पूर्ण बंडल घेऊ नका. 47 फुटांच्या पाईपात तीन वायरी, म्हणजे टोकांसह प्रत्येक रंग 15-16 मीटरच होतो, तेवढी दुकानदार मीटरवर कापून देतो. कूलरचे आर्थिंग कोणी वगळू म्हणाले तर ऐकू नका. पत्र्याचा कूलर आणि पाणी यांचा तो प्रश्न आहे.

काळी_माती:
मग चौथे बंडल कशासाठी?

जुना_वायरमन:
याची दोन कारणे असू शकतात. काही वायरमन पंख्याच्या बॉक्सात न्यूट्रलचा जोड देत नाहीत, प्रत्येक पॉइंटला बोर्डापासून स्वतंत्र न्यूट्रल नेतात. वायर जास्त लागते, पण छतात सैल होणारा जोड राहत नाही. मी स्वतः जोड देतो, पण तसे करणाऱ्याला चूक म्हणणार नाही. दुसरे कारण इन्व्हर्टर. तो घ्यायचा असेल तर मुख्य बोर्डापासून प्रत्येक बोर्डापर्यंत आणखी एक फेज जाते.

आर्वीकर_शेत:
इन्व्हर्टरचा विचार आहे, परंतु या वर्षी जमेल की नाही हे कापसाच्या पैशांवर ठरेल. न्यूट्रलचे वायरमनांना उद्या विचारतो.

जुना_वायरमन:
मग आज फक्त पाईप, पंख्याचे खोल बॉक्स आणि बेंड आणा. वायर प्लास्टरनंतरच ओढायची असते, तेव्हा पाईपांतून तार घालून खरी लांबी मोजता येईल आणि चौथ्या बंडलाचाही निर्णय होईल. स्लॅब ओतण्याआधी पाईपांची तोंडे कागद कोंबून बंद करा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढून ठेवा. आत माल गेला तर स्लॅब फोडण्याशिवाय इलाज राहत नाही.